एक घर, एक कर्ज, दोन सह्या: करसवलतीचा हिस्सा पासबुकातून कसा काढायचा

जानेवारी आला की ऑफिसांतून 'गुंतवणुकीचे पुरावे जमा करा' असा निरोप सुटतो. त्याच आठवड्यात माझ्या मावसभावाचा पुण्याहून फोन येणार हे मी गृहीत धरून असतो. जळगावात बसून लोकांची आयकर रिटर्न भरायची म्हटल्यावर निम्मी गिऱ्हाइकं नात्यातलीच असतात, आणि त्यांच्याकडून फी मिळत नाही, भरीत मिळतं.

दादा चाकणला कंपनीत आहे आणि तिकडेच भाड्याने राहतो. वहिनी इथे जळगावात शिक्षिका आहेत. पिंप्राळ्याला त्यांनी फ्लॅट घेतलाय, त्यात वहिनी, मुलगा आणि मावशी-काका राहतात. कर्ज चाळीस लाखांचं, दोघांच्या नावावर. एप्रिल २०२५ पासून हप्ते सुरू झाले. आणि या जानेवारीत दोघांनीही एकच काम केलं. बँकेने दिलेलं व्याजाचं प्रमाणपत्र दादाने त्याच्या ऑफिसात दिलं आणि त्याचीच झेरॉक्स वहिनींनी शाळेत दिली. दोघांच्याही अर्जात व्याज दोन लाख, मुद्दल ऐंशी हजार.

"वर नाव दोघांचं आहे ना, मग दोघांनी लावलं तर बिघडलं कुठे?" दादाचा प्रश्न. मी बेरीज करायला सांगितली. दोघांनी मिळून चार लाखांचं व्याज दाखवलं होतं आणि बँकेने वर्षभरात व्याज घेतलं होतं तीन लाख छत्तीस हजार. मुद्दल गेलं ऐंशी हजार, दाखवलं एक लाख साठ हजार. फोनवर जरा वेळ शांतता. मग त्याची ठेवणीतली अहिराणी आली, "आते काय करानं?"

हा घोटाळा होतो तो त्या प्रमाणपत्रामुळे. बँक ते पूर्ण कर्जाचं देते. त्यावर दोन नावं असतात, पण कुणी किती भरलं याची वाटणी नसते. वाटणी करणं हे बँकेचं कामच नाही. ती आपण करायची असते, आणि विचारलं तर दाखवता यायला हवी.

आता मुळातून. घराच्या कर्जाच्या हप्त्यात दोन गोष्टी असतात, व्याज आणि मुद्दल. स्वतः राहत्या घरासाठी व्याजाची वजावट कलम २४(बी) खाली वर्षाला जास्तीत जास्त दोन लाख मिळते. मुद्दलाची वजावट कलम ८०सी मध्ये येते, पण तिथे पीएफ, पीपीएफ, विम्याचा हप्ता असं सगळं मिळून दीड लाखाचीच जागा असते. या मर्यादा माणसागणिक आहेत, घरागणिक नाहीत. म्हणून तर दोघांच्या नावाने कर्ज घ्यायचा सल्ला जो तो देतो. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलतात. मी इथे २०२५-२६ या आर्थिक वर्षाबद्दल लिहितोय, त्याला जुनेच आकडे लागतात.)

पण दोन लाख अधिक दोन लाख म्हणजे चार लाख, असा तो सरळ हिशेब नाही. मर्यादा म्हणजे भांड्याचं तोंड. आत किती पडेल ते तुम्ही खरंच किती भरलं यावर ठरतं.

वजावट मागणारा माणूस तीन ठिकाणी सापडायला हवा. घराचा मालक म्हणून खरेदीखतात आणि इंडेक्स टू मध्ये. कर्जदार म्हणून बँकेच्या मंजुरीपत्रात. आणि पैसे भरणारा म्हणून बँक खात्याच्या उताऱ्यात. यातलं एक जरी ठिकाण रिकामं असलं तरी वजावट अडते. आमच्याकडे हे नेहमी दिसतं. मुलाचा पगार कमी पडतो म्हणून बँक वडिलांना सहकर्जदार करून घेते, वडील पेन्शनमधून काही हप्ते भरतातही, पण खरेदीखतात नाव एकट्या मुलाचं. वडिलांना काही मिळत नाही. उलटंही होतं. बायकोचं नाव हौसेने खरेदीखतात घातलं, पण कर्ज एकट्या नवऱ्याचं. तिने वजावट मागायचं कारण नाही.

दादा-वहिनींची पहिली दोन ठिकाणं चोख होती. खरेदीखतात मालकीचा हिस्सा साठ-चाळीस असा स्पष्ट लिहिलेला, मंजुरीपत्रात दोघेही. हिस्सा लिहून घेतला हे त्यांनी फार चांगलं केलं. बहुतेक खतांत नुसती दोन नावं असतात आणि पुढे हिस्सा किती यावर वाद घालावा लागतो. मग घर घेताना कुणी किती पैसे घातले ते पाहतात, आणि त्याचाही पुरावा नसेल तर हिस्से सारखे मानले जातात.

राहिलं तिसरं ठिकाण, पासबुक. गाडी अडली ती इथेच.

हप्ता चौतीस हजार सातशे. तो दादाच्या पगाराच्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला आपोआप कापला जातो. ठरलं असं होतं की वहिनींनी चाळीस टक्के, म्हणजे १३,८८० रुपये, दर महिन्याला दादाच्या खात्यावर टाकायचे. एप्रिल ते सप्टेंबर त्यांनी ते यूपीआयने टाकले. ऑक्टोबरात मुलाची क्लासची फी आली, दिवाळीचा किराणा आला. तो खर्च वहिनींनी केला आणि पैसे टाकणं थांबलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, घर तर मीच चालवते. मी किराणा भरते म्हणून तर यांना हप्ता भरता येतो."

संसाराच्या हिशेबात हे शंभर टक्के खरं आहे. आयकराच्या हिशेबात मात्र किराणा हा किराणाच राहतो, त्याचा हप्ता होत नाही. हप्त्यासाठी गेलेला पैसा वहिनींच्या खात्यातून निघून कर्जाकडे गेलेला दिसायला हवा. मधे दादाचं खातं आलं तरी चालतं, कर्जखात्यात थेटच भरले पाहिजेत असं काही नाही. पण माग दिसला पाहिजे. सहा महिने १३,८८० धरले तर ८३,२८० रुपये झाले. वर्षाचे एकूण हप्ते ४,१६,४०० रुपयांचे. मार्चपर्यंत असंच राहिलं असतं तर खतात वाटणी साठ-चाळीस आणि पासबुकात ऐंशी-वीस. वहिनींनी दाखवायचा हिस्सा मग वीस टक्के.

म्हणून मी सांगितलं की वर्ष अजून संपलेलं नाही. ऑक्टोबर ते जानेवारीचे चार महिन्यांचे ५५,५२० रुपये आत्ता बँकेतून टाका, शेऱ्यात 'गृहकर्ज हिस्सा ऑक्टो ते जाने' असं लिहा, आणि फेब्रुवारी-मार्चचे वेळेवर टाका. वहिनींच्या बचत खात्यात पैसे होते, त्यांनी टाकले. हे ३१ मार्चच्या आत करता येतं कारण त्या खरोखरच त्यांचा वाटा देत आहेत. एप्रिल उजाडल्यावर मागच्या वर्षाची तारीख घालून काहीच करता येत नाही. काही जण पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर 'आम्ही साठ-चाळीस भरतो' असा करार करून ठेवतात. करार असायला हरकत नाही, पण त्याने पैसे भरले जात नाहीत. पासबुक एक सांगत असेल आणि स्टॅम्पपेपर दुसरं, तर पासबुकच ऐकलं जाणार.

यापेक्षा सोपी वाट म्हणजे हप्त्यासाठी दोघांचं वेगळं संयुक्त खातं. पगार झाला की दोघांनी आपापला वाटा तिथे टाकायचा आणि हप्ता तिथूनच कापला जाईल असं करायचं. खात्यात दुसरा कुठलाच व्यवहार नको. वर्षाअखेरी त्याचा उतारा काढला की वाटणी आपोआप तयार.

आता वाटणीचे आकडे. वर्षाचं व्याज ३,३६,०००, मुद्दल सुमारे ८०,०००. साठ टक्क्यांनी दादाच्या वाट्याला व्याज २,०१,६०० आणि मुद्दल ४८,००० येतं. चाळीस टक्क्यांनी वहिनींच्या वाट्याला व्याज १,३४,४०० आणि मुद्दल ३२,०००. दादाचं व्याज दोन लाखांच्या वर गेलं, तेव्हा वरचे सोळाशे रुपये सुटले. ते वहिनींकडे सरकवता येत नाहीत, कारण ते त्यांनी भरलेले नाहीत. कर्ज एकट्या दादाचं असतं तर दोन लाखांवरचे १,३६,००० असेच सुटले असते. वाटणीचा फायदा दिसतो तो इथे.

दादाने मधेच एक शक्कल काढली. "असं करू ना, व्याज सगळं मी लावतो आणि मुद्दल सगळं तिला देऊ." हे बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं. जमत नाही. हप्त्यातला प्रत्येक रुपया त्या महिन्याच्या प्रमाणात व्याज आणि मुद्दल असा फुटलेला असतो. तुमचा रुपया नुसता व्याजाचा आणि बायकोचा नुसता मुद्दलाचा, असं बँकेच्या खात्यात होत नाही. म्हणून हप्त्यात तुमचा वाटा जितका, तितकाच व्याजातही आणि मुद्दलातही.

याला एकच खरा अपवाद आहे. हप्त्याशिवाय जादा रक्कम भरून कर्ज कमी केलं तर ती सगळी मुद्दलात जाते आणि ज्याच्या खात्यातून गेली त्याच्या मुद्दलात धरली जाते. समजा वहिनींना फरकाची थकबाकी मिळाली आणि त्यांनी त्यातले पन्नास हजार कर्जात भरले. मग त्या वर्षी त्यांचं मुद्दल ३२,००० अधिक ५०,००० म्हणजे ८२,०००. व्याजाची वाटणी मात्र हप्त्याच्या प्रमाणातच राहील. या भरण्याची बँकेची पावती वेगळी जपून ठेवायची, कारण वर्षाच्या प्रमाणपत्रात मुद्दलाचा एकच आकडा येतो आणि त्यात हे पन्नास हजार कुणाचे ते कळत नाही.

आणखी एक प्रश्न हमखास येतो. खतात पन्नास-पन्नास आहे आणि हप्ता मी सत्तर टक्के भरतो, मग मी सत्तर लावू का? मुद्दलापुरतं, जो जितकं भरतो तितकं, असं सांगता येतं. व्याजाचं तसं नाही. व्याजाची वजावट घराच्या उत्पन्नातून मिळते, आणि सहमालकांचे हिस्से निश्चित असले की ते उत्पन्न ज्याच्या त्याच्या मालकीच्या हिश्श्याने मोजतात. मालकीपेक्षा जास्त व्याज मागितलं की वादाला तोंड फुटतं. मी तरी मालकीचा हिस्सा आणि भरण्याचा हिस्सा यांतला जो कमी असेल तोच लावायला सांगतो. दरवर्षी प्रमाण बदललं तर चालतं, बाळंतपणाच्या बिनपगारी रजेच्या वर्षी बायकोचा वाटा कमी होणारच. पण बदल पासबुकात आधी झालेला असावा, रिटर्नमध्ये नंतर.

इथपर्यंत सगळं नीट बसलं आणि मग मी दोघांचे पगार मांडले. खरी गंमत तिथे कळली. व्याज आणि मुद्दलाच्या या दोन्ही वजावटी राहत्या घरासाठी फक्त जुन्या करपद्धतीत मिळतात. नव्या पद्धतीत नाहीत. आणि आता काही न सांगितलं तर माणूस नव्या पद्धतीतच धरला जातो. वहिनींनी सवयीने शाळेत 'जुनी' असं लिहून दिलं होतं.

वहिनींचं वर्षाचं वेतन नऊ लाख. नव्या पद्धतीत पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात सव्वाआठ लाख. २०२५-२६ साठी बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट असल्याने त्यांचा कर शून्य. जुन्या पद्धतीत व्याज, मुद्दल, पीएफ सगळं लावूनही शून्य होत नव्हता. म्हणजे वहिनींनी घराच्या वजावटीला हात न लावता नव्या पद्धतीत जाणं फायद्याचं. पगारदार माणसाला हे रिटर्न भरताना बदलता येतं, ऑफिसात आधी काय लिहून दिलं यावर अडत नाही.

दादाचं उलट. वेतन चौदा लाख. नव्या पद्धतीत कर ८१,९००. जुन्या पद्धतीत घरभाडे भत्त्याची २,०४,००० ची सूट (तो पुण्यात खरंच भाडं भरतो, आणि इथलं घर नोकरीमुळे त्याला वापरता येत नाही, म्हणून दोन्ही एकत्र चालतं), प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, व्याज २,००,००० आणि ८०सी चे दीड लाख. ८०सी मध्ये पीएफ ७२,०००, कर्जाचं मुद्दल ४८,००० आणि पीपीएफ ३०,०००, बरोबर दीड लाख. उरलं करपात्र उत्पन्न ७,९३,५००, त्यावर उपकरासह कर सुमारे ७४,०००. म्हणजे जुनी पद्धत साधारण आठ हजारांनी स्वस्त. घरभाड्याची सूट नसती तर नवीच परवडली असती. दोघंही स्वतःच्याच घरात राहत असतील तर आजकाल बऱ्याचदा असंच निघतं, आणि मग हप्त्याची वाटणी कितीही नेटकी केली तरी करात एक रुपया वाचत नाही. घर भाड्याने दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नव्या पद्धतीतही व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतं. पण मग भाडंही दोघांत मालकीच्या हिश्श्याने वाटून दाखवायला लागतं, सगळं भाडं कमी कर भरणाऱ्याच्या नावावर टाकायचं नाही.

हे ऐकून वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे मला त्या दीड लाखाचा काही उपयोग नाही. मग पंचावन्न हजार कशाला टाकायला लावले?"

प्रश्न रास्त होता. या वर्षीच्या करापुरतं बघितलं तर गरज नव्हती. दादाचं व्याज साठ टक्क्यांतच दोन लाखांना टेकतं, त्याने ऐंशी भरले काय आणि शंभर भरले काय, वजावट तेवढीच. पण खतात चाळीस टक्के घर वहिनींचं आहे. हप्ते सगळे दादाने भरले तर त्या हिश्श्याचे पैसे नवऱ्याने घातले असं होतं. उद्या फ्लॅट भाड्याने दिला की वहिनींच्या हिश्श्याचं भाडं दादाच्या उत्पन्नात मिळवण्याचा प्रश्न उभा राहू शकतो. नवऱ्याने पुरेसा मोबदला न घेता बायकोच्या नावावर केलेल्या मालमत्तेला तो नियम आहे. वहिनींचे पैसे वहिनींच्या हिश्श्यात गेलेले दिसले तर हा विषय निघत नाही.

आणि व्याज दरवर्षी कमी होतं. दर तोच राहिला तर पाचव्या वर्षी वर्षाचं व्याज साधारण ३,०५,००० होईल, दादाचा साठ टक्के वाटा १,८३,०००. तेव्हा दोन लाखांत थोडी जागा उरेल, पण मालकी साठच असल्याने ती भरता येणार नाही. खरेदीखत करतानाच कुणाचा पगार किती आणि कोण कुठल्या पद्धतीत राहणार याचा विचार केला असता तर सत्तर-तीसही करता आलं असतं. नंतर खत बदलायचं तर मुद्रांक, नोंदणी, परत सगळं आलं.

मग आम्ही कागद सुधारायला बसलो. दादाने ऑफिसात नवीन १२बीबी दिला, त्यात व्याज दोन लाख आणि मुद्दल ४८,०००. सोबत बँकेचं प्रमाणपत्र, आणि त्याच्या खाली दोघांच्या सहीचं एक साधं पत्र: एकूण व्याज इतकं, माझा हिस्सा साठ टक्के, सहकर्जदाराचा चाळीस. वहिनींनी शाळेतल्या लिपिकाकडून अर्ज परत घेतला. लिपिक म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तर सगळेच पूर्ण आकडा लावतात." लावत असतीलही. पण आता जुन्या पद्धतीत ही वजावट मागताना रिटर्नमध्ये बँकेचं नाव, कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख, कर्जाची रक्कम आणि शिल्लक असं सगळं भरावं लागतं. एकाच खात्याचा क्रमांक दोन पॅनवर आणि दोन्हीकडे पूर्ण आकडा, हे पकडायला कुणी साहेब फाइल उघडून बसायची गरज उरलेली नाही.

आयटीआर-२ भरणाऱ्याला घराच्या रकान्यात 'सहमालक आहे का' याला हो म्हणून आपला टक्का आणि सहमालकाचं नाव, पॅन, टक्का द्यावा लागतो. तिथे चूक होते ती अशी. टक्का टाकला की व्याजही आपोआप त्या प्रमाणात कापलं जाईल, असं समजून लोक व्याजाच्या रकान्यात पूर्ण आकडा टाकतात. टक्का घराच्या उत्पन्नाला लागतो. व्याज आपण आपल्या हिश्श्याचंच लिहायचं.

मागच्या वर्षी ज्यांनी दोन्हीकडे पूर्ण आकडा लावला असेल त्यांनी मुदत असेल तर सुधारित रिटर्न भरावं, मुदत गेली असेल तर अद्ययावत रिटर्न भरून फरकाचा कर, व्याज आणि वरची जादा रक्कम भरावी. नोटीस आल्यावर भरण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं.

वहिनींनी आता बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवलीय, दर तीन तारखेला १३,८८० रुपये दादाच्या खात्यावर जातात. क्लासची फी या वेळी दादा भरणार आहे.